दिवाळी पॅकेज : दुकानाचा फोन नंबर वाचता यावा म्हणून

"पॅकेजमध्ये नक्की काय देणार? गेल्या वर्षी व्हॉट्सअॅप स्टेटसवर आमचा नंबरच दिसला नाही."

दादा, वसुबारस ते भाऊबीज सहा डिझाइन्स देतो. प्रत्येक दोन मापांत: स्टेटससाठी १०८० बाय १९२० पिक्सेल, पोस्टसाठी चौकोनी १०८० बाय १०८०. चौकोनीच स्टेटसला ताणून लावलं की कडा कापल्या जातात. महाद्वार रोडवरच्या एका चप्पल दुकानाचा नंबर अगदी तळाशी होता, तो उत्तर देण्याच्या पट्टीखाली गेला. मी तो वर, कोल्हापुरी चपलेच्या फोटोलगत आणला, अक्षरंही मोठी केली. फाइल व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतो. फोटो म्हणून पाठवली की बारीक अक्षरं फुटतात. दुकानाचा लोगो मात्र मूळ फाइलच द्या, पाटीचा फोटो नको.