टिंगल करून कोट केलेली पोस्ट: उत्तर दिलंत की सोडून दिलंत?

खापरवाली (जळगाव)
आखाजीच्या आदल्या दिवशी एक्सवर एक फोटो टाकला. आई खापरावर मांडा टाकतेय, बाजूला वाटीत रस. वर एकच ओळ: "खापरवरना मांडा नि आंबाना रस. आखाजीले आखो काय पाहिजे?" माझ्या पोस्टला एरवी तीस-चाळीस लाइक येतात, तेही निम्मे माहेरचे.

संध्याकाळी फोन तडतडायला लागला. साठेक हजार फॉलोअर असलेल्या एका गृहस्थांनी माझी पोस्ट कोट केली होती. वर त्यांचं वाक्य: "ही मराठी आहे की कीबोर्डवर मांजर चाललं? सबटायटल द्या कुणीतरी." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणी आईच्या लुगड्यावर घसरलं, कुणी चुलीच्या धुरावर.

मी रात्री साडेअकरापर्यंत तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही पुसली. पहिलं शिवराळ होतं. दुसऱ्यात अहिराणी कुठे कुठे बोलतात याचा निबंध होता. तिसरं मला फार आवडलं होतं, चांगलंच झोंबणारं होतं, आणि म्हणूनच पाठवावंसं वाटेना. शेवटी काय केलं ते खाली सांगते. आधी तुमचं ऐकायचंय: असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि पुढे काय झालं?

नंदुरबारचे काका
आमच्या भावकीच्या ग्रुपवर माझा सुप्रभात संदेश धाकट्या साडूने ओढून धरला आणि खाली लिहिलं, "काका, हा २०१६ पासून फिरतोय." मी तीन परिच्छेद उत्तर दिलं. आता साडू बोलत नाही. माझं म्हणणं, उत्तर द्यावंच.

खापरवाली
काका, तो व्हॉट्सअॅपचा प्रकार. तिथे हसणारे सगळे आपल्याच ताटातले. इथे माझी पोस्ट उचलून परक्या ओट्यावर ठेवली होती.

नंदुरबारचे काका
साडूसुद्धा परकाच म्हणायचा आता.

भुसावळ जंक्शन
ताई, मी दोन संस्थांची सोशल मीडिया खाती सांभाळतो, त्यामुळे हे दर आठवड्याला बघतो. उत्तर द्यायचं की नाही याच्या आधी ते कुठे द्यायचं हे बघा. जागा तीन आहेत आणि तिन्हींचा परिणाम वेगळा.

त्याच्या कोटखाली उत्तर दिलंत, तर ते वाचणारे त्याचेच लोक. शिवाय त्याची पोस्ट वर चढते. ट्विटरने २०२३ मध्ये फीडचा क्रम लावणारा कोड उघड केला, तेव्हा त्यात लाइकचं वजन ०.५ होतं, रिपोस्टचं १ आणि रिप्लायचं १३.५. रिप्लायला पोस्टच्या लेखकाने परत प्रतिसाद दिला, तर ७५. आकडे त्या वेळचे आहेत, नंतर ती यंत्रणा बदलली. पण तुमची त्याच्याशी खडाजंगी जुंपणं हे त्याच्या पोस्टसाठी सगळ्यात पौष्टिक खाद्य आहे, एवढं त्यातून कळतं.

उलट त्यालाच कोट केलंत, तर आणखी एक गंमत होते. कोटच्या आतला कोट एक्स उघडून दाखवत नाही. म्हणजे तुमच्या लोकांना तुमचं उत्तर दिसतं, त्याचा टोमणा दिसतो, आणि मांड्याचा फोटो गायब. तो बघायला आणखी एकदा दाबावं लागतं आणि बहुतेक जण दाबत नाहीत. त्याचा टोमणा तुम्हीच घरोघरी वाटून आलात.

तिसरी जागा म्हणजे तुमच्या मूळ पोस्टखाली. कोटमधल्या चौकटीवर बोट ठेवलं की माणूस थेट तिथे येतो. येणारे थोडेच असतात, पण "हे आहे तरी काय" म्हणून आलेले असतात. बोलायचंच असेल तर त्यांच्याशी बोला.

धुळ्याचा बार
एवढा विचार कशाला? ६६अ खाली तक्रार ठोका. पोस्ट काढून घरी माफी मागायला येईल.

निवृत्त शिरस्तेदार
वकीलसाहेब, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. आता त्या कलमाखाली काय ठोकणार?

धुळ्याचा बार
बरं, ते गेलं. पण बदनामी आहेच की. न्याय संहितेचं ३५६.

निवृत्त शिरस्तेदार
कलम बरोबर. पण "कीबोर्डवर मांजर चाललं" यात ताईंबद्दल कोणता खोटा आरोप आहे? लौकिकाला धक्का बसेल असं काहीतरी विधान लागतं. उद्धट बोलणं आणि बदनामी यांत अंतर आहे. आईच्या फोटोवर कुणी अश्लील लिहिलं असेल, तर ती बाब निराळी. त्याचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा.

कपाशीवाला
वरच्या आकड्यांत रिपोर्टचं पण वजन असेल ना? मग आपण शंभर जणांनी त्याला रिपोर्ट मारू. खाली जाईल धप्पकन.

भुसावळ जंक्शन
भाऊ, रिपोर्टचं वजन उणे ३६९ होतं, म्हणून तो मोह सगळ्यांना होतो. पण ते वजन अंदाजाला लावलेलं असतं: *हा वाचक* ही पोस्ट बघून रिपोर्ट करेल का, लाइक करेल का, अशा शक्यता काढून त्याच्यापुरता क्रम लागतो. शंभर रिपोर्ट म्हणजे शंभर गुणिले ३६९ असा हिशोब नाही. आणि नियम मोडलेलाच नसेल तर तपासणारा काय काढणार?

रावेर कृषी सेवा
माझी गोष्ट उलटी आहे. टिंगल करणारा बरोबर होता.

माझं खतं-औषधांचं दुकान आहे. पावसाळ्यात केळीवर करपा हा बुरशीचा रोग आणि सीएमव्ही हा व्हायरसचा, दोन्हींची विचारणा एकदमच येते. घाईत मी लिहायचं होतं करप्याबद्दल आणि लिहिलं, "सीएमव्ही दिसताच अमुक बुरशीनाशक फवारा." एका कृषी पदवीधराने कोट करून लिहिलं, "व्हायरसवर बुरशीनाशक! दुकानदाराची दिवाळी लवकर आली." डोकं फिरलं. मला काय माहीत नाही? सीएमव्ही मावा पसरवतो, लागलेल्या झाडाला औषध नाही, ते उपटून लांब नष्ट करायचं आणि मावा आवरायचा, हे मी गेली कितीतरी वर्षं गिऱ्हाइकाला सांगतोय.

"टायपिंगची चूक होती, एवढा माज बरा नव्हे" असं त्याच्याखाली लिहून बसलो. त्यावर तो बोलला, मी बोललो, रात्रीपर्यंत ऐंशी कोट. आणि दुसऱ्या दिवशी यावलकडचा एक शेतकरी दुकानात येऊन तेच बुरशीनाशक मागायला लागला. त्याने माझी मूळ पोस्ट तेवढी वाचली होती. माझा खुलासा दुसऱ्याच्या पोस्टखाली बाविसाव्या उत्तरात पडला होता, तो त्याला कुठून दिसणार?

मग पोस्ट काढली आणि नवी लिहिली: कालच्या पोस्टमध्ये चूक होती, बरोबर असं आहे. काढल्यावर त्या सगळ्या कोटांत माझ्या मजकुराच्या जागी "पोस्ट लेखकाने काढली" एवढंच राहिलं. "पळाला" म्हणाले. म्हणोत बापडे. चुकीचा सल्ला तर फिरायचा थांबला.

खापरवाली
म्हणजे माझ्या बाबतीत पोस्ट काढणं चूक ठरलं असतं आणि तुमच्या बाबतीत न काढणं.

रावेर कृषी सेवा
हो ना. मांड्याने कुणाचा बाग जात नाही.

अमळनेरची सून
माझ्या पोस्टमध्ये मुलीचा फोटो होता, शाळेच्या गणवेशातला. टिंगल माझ्या कवितेची होती, पण गर्दी बघून पोटात गोळा आला. आधी त्या माणसाला ब्लॉक केलं. उपयोग शून्य. २०२४च्या शेवटापासून एक्सवर ब्लॉक केलेल्यालाही आपली सार्वजनिक पोस्ट वाचता येते, आणि बाकीचे बघे तर मोकळेच असतात. मग खातं दोन दिवस खाजगी केलं. जे मला फॉलो करत नव्हते त्यांना कोटच्या चौकटीत काहीच दिसेना. हसायला समोर काही नसलं की लोक पांगतात. स्क्रीनशॉट मात्र फिरले, त्याला इलाज नाही. मुलीचे फोटो तेव्हापासून बंद.

भुसावळ जंक्शन
ब्लूस्कायवर ऑगस्ट २०२४ पासून दुसऱ्याच्या कोटमधून आपली पोस्ट सोडवून घेता येते, पुढे कुणी कोट करू नये असंही ठरवता येतं. एक्सवर उत्तरं कुणी द्यावीत एवढंच आपल्या हातात. ते बंद केलं तरी कोट चालूच राहतो. उलट उत्तराची वाट बंद दिसली की माणसं कोटकडेच वळतात. हे मी एकदा स्वतः करून पस्तावलोय.

देवपूर, टीवाय
मी टिंगल करणाऱ्यांतला आहे, रागवा. दोन वर्षांपूर्वी एका बाईंच्या पोस्टला कोट करून हसलो होतो. त्यांचे फॉलोअर किती, त्या कोण, काही बघितलं नाही. माझ्या मित्रांना हसवायचं होतं. त्या काही बोलल्या असत्या तर माझ्याकडे पुढचा जोक तयार होता. त्या बोलल्या नाहीत. चहा प्यायला गेलो आणि विसरलो. दुसऱ्या एकाने असंच उत्तर दिलं होतं, त्याच्यावर मी चार पोस्टी केल्या.

खापरवाली
राग आला, पण खरं बोललास भाऊ.

आता माझं. त्या गृहस्थांना उत्तर दिलं नाही. रात्री बारा वाजता माझ्या मूळ पोस्टखाली लिहिलं: "ही अहिराणी. 'ना' म्हणजे 'चा', 'ले' म्हणजे 'ला', 'आखो' म्हणजे 'आणखी'. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मांडा पोळपाटावर लाटत नाहीत, हातावर फिरवून मोठा करतात आणि पालथ्या खापरावर टाकतात." बस. मग सूचनांमध्ये मी ज्यांना फॉलो करत नाही त्यांचं सगळं बंद केलं आणि फोन फडताळात ठेवला.

सकाळी त्या खुलाशाखाली अकरा जण होते. मालेगावच्या एका आजोबांनी लिहिलं होतं, "आमनाकडेबी आसंच." एकीने विचारलं, खापर कुठे मिळेल. कोटवर हसणारे शेकड्यांनी होते, त्यांच्यात काही फरक पडला नाही. दुपारपर्यंत ते गृहस्थ कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर हसत होते.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. मामेभावाने सांगितलं. ती म्हणाली, "धूर तं व्हयना जास्तच, लाकडं ओली व्हतीत."

चोपड्याचा मास्तर
ताई, तुम्ही केलंत ते शहाणपणाचं, पण मला एक खुपतं. माझा भाचा बारावीला आहे, अहिराणीत छान चारोळ्या लिहायचा. तुमचा तो कोट त्याच्या फीडमध्ये आला होता. त्याने टोमणा वाचला, खालचं हसणं वाचलं. तुमचा खुलासा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, कारण तो चौकटीवर दाबून आतच गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या सगळ्या अहिराणी पोस्टी काढल्या. त्या कोटखाली एक जरी ठणठणीत अहिराणी उत्तर असतं, तर?

भुसावळ जंक्शन
मास्तर, ते उत्तर त्याला दिसलं असतं हे खरं. पण तो कोट आणखी दहा भाच्यांना दिसला असता.

चोपड्याचा मास्तर
असेल. दहा भाचे मला माहीत नाहीत, एक माहीत आहे.

खापरवाली
मास्तर, यावर मी दोन दिवस विचार करतेय आणि उत्तर सापडत नाही. तिसरं उत्तर, ते झोंबणारं, मी अहिराणीतच लिहिलं होतं. भाच्याचं हँडल मला मेसेज करा. त्याच्या काढलेल्या चारोळ्या वहीत तरी असतील ना?