बीजगणित आणि भूमिती यांच्या मधला दिवस: प्रश्नपत्रिका घरी तपासावी का?

फळाखडू
मी दहावीला गणित शिकवते. शनिवारच्या पालकसभेत मला दहा मिनिटं मिळाली आहेत. एकच गोष्ट सांगायची ठरवलीय. खाली लिहिलंय, ते तुम्हाला पालक म्हणून पटतंय का?

"बीजगणिताचा पेपर सुटतो, मूल फाटकातून बाहेर येतं आणि आपण प्रश्नपत्रिका हातात घेऊन विचारतो, 'चौथ्याचं उत्तर काय आलं?' माझ्या एका विद्यार्थिनीचं चार गुणांचं एक उदाहरण चुकलं होतं. वडिलांनी ते रिक्षातच शोधून काढलं. घरी पोचेपर्यंत तिला बरोबर आलेल्या उत्तरांचीही शंका यायला लागली. रात्री भूमितीची वही समोर ठेवून ती बीजगणितच पुन्हा सोडवत बसली. भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता आली होती. ती तिला झोपेतून उठवलं तरी येत होती, पण अर्धवट राहिली. हे सगळं नंतर तिनेच मला सांगितलं.

हिशेब पाहा. बीजगणिताचे 40, भूमितीचे 40 आणि अंतर्गत 20. चुकलेल्या उदाहरणाचे फार तर 4 गेले, आणि पायऱ्या बरोबर असतील तर तेही सगळे जात नाहीत. भूमितीचे 40 मात्र अजून जसेच्या तसे हातात असतात. म्हणून त्या दिवशी प्रश्नपत्रिका दप्तरातच राहू द्या. जेवू घाला, तासभर झोपू द्या. मूल आपणहून बोललं तर ऐका, पण उत्तर पडताळू नका. तपासायचंच असेल तर शेवटचा पेपर झाल्यावर तपासा."

जळगावकर
बाई, मला नाही पटलं. माझ्या मुलाचा बीजगणितात शेवटचा प्रश्न लिहायचा राहून गेला होता. घरी आल्यावर आम्ही प्रश्नपत्रिका घेऊन बसलो, तेव्हा कळलं की एका आलेखावरच त्याची पंचवीस मिनिटं गेली. भूमितीला तो घड्याळ लावून बसला आणि पेपर पूर्ण केला. विचारलंच नसतं तर तीच चूक पुन्हा झाली असती.

फळाखडू
तुमचं उदाहरण मोलाचं आहे. पण तुम्ही वेळ कुठे गेला ते पाहिलंत, उत्तर नाही. दोन तासांत 40 गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. वेळेची चूक पुढच्या पेपरला सुधारता येते. चुकलेलं उत्तर त्या दिवशी कुणालाच सुधारता येत नाही. "वेळ पुरला का?" एवढा प्रश्न मी भाषणात घालते.

जळगावकर
पण वेळेबद्दल विचारलं की उत्तरं निघणारच. घरात ती रेघ कोण पाळतं?

ठाण्याचा बाबा
एवढा विचार कशाला? बेस्ट ऑफ फाइव्ह आहे. गणित गेलं तर बाकीच्या पाच विषयांवर टक्के निघतात. मुलीला हेच सांगितलं, ती निवांत आहे.

निवृत्त परीक्षक
टक्के पाच विषयांवर निघतात हे बरोबर. पण उत्तीर्ण सहाही विषयांत व्हावं लागतं. "गणित सोडलं तरी चालेल" असा अर्थ मुलीने घेतला असेल तर आजच सांगा. धीर द्यायचाच असेल तर खरा द्या. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो, पुरवणी परीक्षाही त्याच वर्षी होते. मुलांना हे परीक्षेआधी, शांतपणे एकदा सांगावं. रोज सांगितलं तर "तू नापास होणार" असंच त्यांना ऐकू येतं. आणि बाईंच्या मुद्द्यात माझी भर: पालक फाटकावर जे उत्तर "बरोबर" ठरवतात, तेच कित्येकदा चुकीचं असतं.

दोन मुलांची आई
माझा मोठा बारावी सायन्सला आहे. मी काही विचारतच नाही, तरी तो खोली लावून बसतो. आठ दिवस नीट जेवला नाही, रात्री तीनपर्यंत जागा असतो. न विचारणं बरोबर असेल तर हे का होतंय?

फळाखडू
ताई, मी उत्तरांबद्दल विचारू नका म्हणाले. त्याच्याबद्दल जरूर विचारा. पेपरचं नाव न काढता जवळ बसा, "झोप का लागत नाहीये?" असं सरळ विचारा. आठ दिवस जेवण आणि झोप बिघडलीय, तेव्हा उद्याच डॉक्टरांना दाखवा, परीक्षा संपायची वाट पाहू नका. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच क्षणी मदत घ्या. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

दोन मुलांची आई
आज रात्री बसते त्याच्याजवळ.

जळगावकर
आणखी एक, बाई. आम्ही थांबू हो. पण पेपर सुटल्यावर अर्ध्या तासात मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सगळी उत्तरं फिरतात. ते कोण थांबवणार?

फळाखडू
वर्गाचा ग्रुप मी त्या दिवसांत बंद ठेवते. मुलांचे स्वतःचे ग्रुप असतात, तिथे माझा हात पोचत नाही. फोन काढून घ्यावा असंही मला वाटत नाही, त्यावरून घरात भांडणं होतात. कुणी घरी काही करून पाहिलं असेल तर शनिवारच्या आत लिहा.