टॉवेल विकायचा ईमेल: एकच अडचण, एकच पुरावा, एकच मागणी?

अक्कलकोट रोड: आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. पुण्यातल्या ३० हॉटेलांना ईमेल केला. जुना अनुभव, सगळे साइज, चादरी, नॅपकिन, सोबत कॅटलॉग. शेवटी 'फोन करा, कारखाना बघायला या, ऑर्डर द्या'. एकाचंही उत्तर नाही. काय चुकलं?

जुना विक्रेता: मी गिऱ्हाइकांकडचे बाद टॉवेलचे गठ्ठे उघडून बघायचो. कापड धडधाकट, पण कडेची शिलाई उसवलेली. हाउसकीपिंगवाला वैतागतो तो यावर. तेवढंच लिहा:

विषय: कड उसवून बाद होणारे टॉवेल

'नमस्कार. धुलाईत कड उसवून तुमचे टॉवेल लवकर बाद होतात का? पंढरपूरच्या एका लॉजला आम्ही दुहेरी शिलाईचे २०० टॉवेल दिले. ५० धुलाया झाल्यावर मोजले, तेव्हा ७ उसवले होते. तुमच्या लॉन्ड्रीत धुऊन बघायला दोन टॉवेल पाठवतो. कोणत्या पत्त्यावर पाठवू?'

यातले आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही स्वतः मोजलेले घाला. पुरावा त्याच अडचणीचा हवा. कारखाना किती जुना आहे, यावरून कड टिकते हे कळत नाही. आणि मागणी अशी हवी की समोरच्याला नुसता पत्ता टाकून मोकळं होता येईल. फोन, भेट, ऑर्डर असं तिन्ही मागितलं की तो 'नंतर बघू' म्हणतो आणि ते राहूनच जातं.

ठोक व्यापारी: मला हे पटत नाही. खरेदीवाला आधी भाव विचारतो. ३० बाय ६० इंची, ५०० ग्रॅम, नग एवढ्याला, हे नसेल तर तो पुढे वाचतच नाही.

जुना विक्रेता: त्याने कोटेशन मागितलं असेल तर तुमचं खरं आहे, तिथे पहिल्या ओळीत भाव द्या. पण इथे कुणी मागितलेलं नाही. नुसता भाव दिसला की तो आताच्या पुरवठादाराशी ताडून बघतो, आणि चार रुपयांच्या फरकासाठी कुणी माणूस बदलत नाही.

चादरवाली: मग आम्ही चादरी विकायच्याच नाहीत का? मी तर व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या डिझाइनचे फोटो टाकते आणि ऑर्डरी येतात.

जुना विक्रेता: ताई, तुमचे व्यापारी तुम्हाला ओळखतात, ते नवीन डिझाइनचीच वाट बघतात. अनोळखी हॉटेलला चादरीचा ईमेल वेगळा आणि नंतर करा.

अक्कलकोट रोड: पण आमची शिलाई एकेरीच आहे हो.

जुना विक्रेता: मग हा ईमेल पाठवूच नका, दोन टॉवेल धुताच उघडे पडाल. तुमचा माल कशात सरस आहे?

अक्कलकोट रोड: पाणी चांगलं टिपतो. आम्ही सॉफ्टनर कमी वापरतो.

जुना विक्रेता: मग अडचण ती घ्या: नवा टॉवेल मऊ लागतो, पण अंगावरचं पाणी टिपत नाही. पुरावा म्हणून तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाने याबद्दल काय सांगितलं ते एका वाक्यात लिहा, त्याला विचारून.

ठोक व्यापारी: तरी भाव घालाच. १५ हॉटेलांना भाव घालून, १५ ना न घालता पाठवा आणि कुठून उत्तरं येतात ते इथे सांगा.

अक्कलकोट रोड: सोमवारी पाठवतो.