मदत हवी आहे: ९०० ल्यूमेनच्या दिव्याखाली मंद आणि ५६० ल्यूमेनच्या दिव्याखाली लख्ख, हे कसे?

वाचनकट्टा
नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत प्रत्येक टेबलावर एक दिवा टांगायचा आहे. वाचनासाठी टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स असावेत असे सांगितले जाते, म्हणून नमुन्यादाखल दोन दिवे आणले आणि एका महाविद्यालयातून लक्समीटर मागून घेतला. पहिला नेहमीचा एलईडी बल्ब आहे. त्याच्या खोक्यावर ९ वॅट आणि ९०० ल्यूमेन लिहिले आहे. दुसरा छोटा स्पॉट दिवा आहे. त्यावर ७ वॅट, ५६० ल्यूमेन, ३६ अंश आणि १२०० कॅन्डेला असे चार आकडे आहेत. दोन्ही दिवे टेबलापासून बरोबर दीड मीटर उंचीवर टांगून, बाकीचे दिवे बंद करून मोजले. बल्बाखाली ९० लक्स भरले आणि स्पॉटखाली ५१०. ज्याचे वॅटही कमी आणि ल्यूमेनही कमी, तो दिवा पाचपटीहून अधिक उजेड कसा देतो? मुळात वॅट म्हणजेच प्रकाशाची शक्ती असेल, तर ल्यूमेन, कॅन्डेला आणि लक्स ही तीन वेगळी मापे कशासाठी आहेत? मी वाणिज्य शाखेचा आहे, तेव्हा कृपया तेवढे लक्षात घेऊन सांगावे.

तारजोडणी
मी २० वर्षे वायरिंगची कामे करतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड, आणि खरेदी करताना तोच आकडा पाहायचा असतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब ७०० ल्यूमेनच्या आसपास देत असे, म्हणजे तुमचा ९ वॅटचा बल्ब त्याहूनही सरस आहे. त्याच्यापेक्षा ५६० ल्यूमेनचा दिवा जास्त उजेड देणे शक्यच नाही. एकतर बल्ब बनावट आहे किंवा मीटर बिघडला आहे. दुकानदाराला बल्ब बदलून मागा.

गोलातला_दिवा
तारजोडणीसाहेबांनी सांगितलेला ल्यूमेनचा अर्थ अगदी बरोबर आहे, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. बल्बही ठीक दिसतो आणि मीटरही. मी दिव्यांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी वॅटचा गोंधळ सोडवू. खोक्यावरचे ९ वॅट म्हणजे दिवा भिंतीतून किती वीज ओढतो ते. दिव्यातून प्रकाश किती निघतो ते नव्हे. बाहेर पडणारी प्रकाशाची ऊर्जाही वॅटमध्येच मोजता येते आणि तिच्या मोजणीला रेडिओमेट्री म्हणतात, पण तो आकडा खोक्यावर कोणीही छापत नाही. रेडिओमेट्रीला डोळ्याशी काही देणेघेणे नसते. टीव्हीच्या रिमोटमधून निघणारे अवरक्त किरण तिच्या लेखी हिरव्या प्रकाशाइतकेच खरे असतात. फोटोमेट्री मात्र प्रत्येक रंगाला विचारते की माणसाच्या डोळ्याला तू किती दिसतोस, आणि त्या प्रमाणात त्याला गुण देते. ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी-हिरव्या प्रकाशाला पूर्ण गुण मिळतात. त्या रंगाचा १ वॅट प्रकाश म्हणजे ६८३ ल्यूमेन. लाल आणि निळ्या टोकांकडे जाताना हे गुण झपाट्याने घसरतात, आणि रिमोटच्या किरणांना शून्य मिळतो. (६८३ हा विचित्र आकडा उगाच आलेला नाही. १९७९ साली कॅन्डेलाची नवी व्याख्या करताना जुन्या मापाशी मेळ राहावा म्हणून तो तसा निवडला गेला.)

त्यामुळेच ६० वॅटचा जुना बल्ब रेडिओमेट्रीच्या दृष्टीने भरपूर किरण बाहेर टाकत असे, पण त्यांतले बहुतांश अवरक्त असल्यामुळे ल्यूमेनच्या हिशेबात तो गरीब ठरे. दर वॅट विजेमागे जेमतेम १२ ल्यूमेन. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशातला जवळजवळ प्रत्येक किरण डोळ्याला दिसतो. अशा १ वॅट प्रकाशाचे साधारण ३०० ल्यूमेन होतात, म्हणजे तुमच्या ९ वॅटच्या बल्बातून सुमारे ३ वॅट प्रकाश निघतो आणि उरलेले ६ वॅट उष्णता होऊन बुडाशी जातात. एलईडीचे बूड हाताला गरम लागते ते यामुळे. दर वॅट विजेमागे त्याचे ल्यूमेन १०० आहेत आणि तुमच्या स्पॉटचे ८०. वीजबचतीच्या शर्यतीत तुमचा बल्बच पुढे आहे. फक्त ती शर्यत टेबलावर काय पडते याविषयी काहीच बोलत नाही.

टेबलाचा प्रश्न दिशेचा आहे. बल्ब आपले ९०० ल्यूमेन भिंतींवर, छतावर आणि सगळीकडे वाटतो. स्पॉट आपले ५६० ल्यूमेन बहुतांशी एका अरुंद झोतात खाली ओततो. एखाद्या विशिष्ट दिशेला झोत किती दाट आहे ते कॅन्डेला सांगते. दिवा एकूण किती देतो ते ल्यूमेन, एका दिशेला किती दाट देतो ते कॅन्डेला, आणि शेवटी पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर किती ल्यूमेन पडले ते लक्स. दिव्याच्या थेट खाली हिशेब सोपा आहे:

E = I / d²

येथे E म्हणजे लक्स, I म्हणजे कॅन्डेला आणि d म्हणजे मीटरमधले अंतर. दीड मीटरचा वर्ग २.२५. १२०० भागिले २.२५ म्हणजे ५३३ लक्स, आणि तुम्ही मोजले ५१०. इतका मेळ बसला तर आम्ही प्रयोगशाळेतही समाधान मानू. बल्बाच्या खोक्यावर कॅन्डेला नसतात, पण त्याच सूत्राने उलट गेलात तर ९० गुणिले २.२५ म्हणजे सुमारे २०० कॅन्डेला येतील. त्यातही भिंतींवरून परतलेला उजेड मिसळलेला आहे. एकट्या बल्बाचे त्याहून बरेच कमी असतील.

सांजवात
माझ्या आईला पांढऱ्या उजेडाने डोळे दुखतात, म्हणून आम्ही पिवळसर ३००० केल्विनचे दिवे घेतले. अभ्यासिकेतही तसेच घ्यावेत. केल्विन जास्त असेल तर लक्सही जास्त येतात ना?

गोलातला_दिवा
ताई, केल्विन हा रंगाच्या छटेचा आकडा आहे. त्यावरून लक्स ठरत नाहीत. ३००० केल्विनचा झोताचा दिवा ६५०० केल्विनच्या उघड्या बल्बापेक्षा टेबलावर कितीतरी जास्त लक्स देऊ शकतो. छटा आवडीप्रमाणे निवडावी.

भौतिकी_द्वितीय_वर्ष
मला यात एक विसंगती दिसते. ३६ अंशांच्या शंकूचा घनकोन काढला तर तो ०.३१ स्टेरेडियन येतो. ५६० ल्यूमेन भागिले ०.३१ म्हणजे सुमारे १८०० कॅन्डेला. मग खोक्यावर १२०० का, आणि टेबलावर ८०० लक्स का नाहीत? कंपनीने आकडे फुगवले आहेत की मीटर कमी दाखवतो?

गोलातला_दिवा
भागाकार बरोबर आहे, गृहीतक चुकले आहे. झोताला सुरीने कापल्यासारखी कड नसते. ३६ अंश म्हणजे अशी मर्यादा, जिथे कॅन्डेला मध्यभागाच्या निम्मे होतात. त्या कडेबाहेरही बराच उजेड सांडतो, म्हणजे ५६० पैकी सगळे ल्यूमेन शंकूच्या आत नसतातच. म्हणूनच कॅन्डेला ल्यूमेनवरून काढू नयेत. ते दिवा फिरवत, कोनाकोनाला मोजावे लागतात.

वाचनकट्टा यांच्यासाठी यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. दीड मीटरवर या झोताचे वर्तुळ सुमारे ९७ सेंटिमीटर व्यासाचे होते. त्याच्या कडेला कॅन्डेला ६०० उरतात, अंतर थोडे वाढते आणि प्रकाश तिरपा पडतो. हे सगळे धरून तिथे साधारण २३० लक्स यावेत. तुमचे टेबल किती लांब आहे?

वाचनकट्टा
टेबल चार फुटी आहे, म्हणजे १२० सेंटिमीटर. आताच मोजून आलो. वर्तुळाच्या कडेला २५० लक्स मिळाले आणि टेबलाच्या टोकाला १४०. म्हणजे मध्ये बसणाऱ्याची चैन आणि टोकाला बसणाऱ्याची तक्रार. एक विचारायचे राहिले: माझ्या मोबाइलवरचे अ‍ॅप त्याच मध्यबिंदूवर ३२० दाखवत होते. खरे कोणाचे मानायचे?

गोलातला_दिवा
मीटरचे. मीटरच्या डोळ्यावर पांढरी घुमटी असते, तिच्यामुळे तिरपा प्रकाशही योग्य प्रमाणात मोजला जातो, आणि आत एक गाळणी असते जी रंगांना मघाशी सांगितलेले गुण देते. मोबाइलचा संवेदक काचेमागे खोल बसवलेला असतो आणि तो पडद्याची चमक कमीजास्त करण्यासाठी असतो. फोन किंचित तिरका धरून पाहा, आकडा भलतीकडे जाईल.

शेवंतीचा_मळा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण मीटर हाच आहे. आम्ही शेवंतीला लवकर कळ्या धरू नयेत म्हणून रात्री दिवे लावतो. या वर्षी पांढऱ्याऐवजी ६६० नॅनोमीटरचे लाल दिवे लावून पाहिले. लक्समीटर पांढऱ्याच्या तुलनेत अगदीच कमी दाखवतो, म्हणून दिव्यांची संख्या वाढवायच्या विचारात आहे.

गोलातला_दिवा
थांबा, संख्या वाढवू नका. लक्समीटर माणसाच्या डोळ्याने पाहतो आणि ६६० नॅनोमीटरला तो पूर्ण गुणांपैकी केवळ ६ टक्के देतो. त्या रंगाच्या १ वॅट प्रकाशाचे जेमतेम ४२ ल्यूमेन होतात, पांढऱ्याचे ३००. म्हणजे प्रकाशाची ऊर्जा तितकीच असली तरी मीटर सातपट कमी दाखवणार. शेवंती आपल्या डोळ्याने पाहत नाही. तिच्यासाठी रेडिओमेट्रीच्या घराण्यातले, प्रकाशकण मोजणारे वेगळे मीटर असते. नेमके किती लागतात हे तुमच्या वाणावर अवलंबून असेल, आणि तो माझा प्रांत नाही. कृषी विद्यापीठातल्या कोणाला तरी विचारावे.

शेवंतीचा_मळा
म्हणजे गेल्या वर्षी पांढऱ्याखाली लिहून ठेवलेले लक्स लाल दिव्याला लावून काही उपयोग नाही. तसे मीटर कोणी भाड्याने देते का, हे कोणाला माहीत असल्यास कळवावे.

तारजोडणी
बनावट बल्बाचे विधान मी मागे घेतो. पण मला अजून पटत नाही की टेबलासाठी स्पॉट बरा. डोळ्यांत झोत जातो, लोक तक्रार करतात. सरळ चार फुटी एलईडी ट्यूब टांगा.

वाचनकट्टा
तेही करून पाहिले. २० वॅट, २००० ल्यूमेनची ट्यूब अर्ध्या मीटरवर १२४० लक्स देते. अंतर दुप्पट, म्हणजे एक मीटर केले, तेव्हा सूत्रानुसार चौथाई म्हणजे ३१० यायला हवे होते, पण आले ४६०. येथे सूत्र का चुकले?

गोलातला_दिवा
सूत्र लहान दिव्यासाठी आहे. दिव्याच्या सर्वांत लांब मापाच्या किमान पाचपट अंतरावरून ते विश्वासाने वापरता येते. तुमची ट्यूब १.२ मीटर लांब आहे, म्हणजे ६ मीटर लांबून. जवळ असताना ट्यूबची टोके मध्यबिंदूपासून दूर आणि तिरपी पडतात, म्हणून उजेड सूत्राच्या मानाने हळू घटतो. टेबलावरच्या ट्यूबसाठी आकडेमोड सोडा आणि मीटरने नऊ ठिकाणी मोजा: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि टेबलाचा मध्य.

भौतिकी_द्वितीय_वर्ष
मग ट्यूबच्या खोक्यावर कॅन्डेला लिहायचे झाले, तर ते सहा मीटर लांबून मोजतात?

गोलातला_दिवा
हो, किंवा त्याहूनही लांबून, काळ्या भिंतींच्या खोलीत. वाचनकट्टा, नऊ आकडे आले की येथे टाका. टोकाला ३०० मिळत असतील, तर तारजोडणीसाहेबांची ट्यूब जिंकली असे म्हणू.

वाचनकट्टा
रविवारी मोजतो. मीटर सोमवारी परत करायचा आहे.