माहितीपत्रक: अक्षर केवढं, रंग कोणता?

"लातूरला ज्येष्ठांसाठी घरपोच सेवेचं पत्रक करतोय. अक्षर १४ पॉइंट, रंग फिकट निळा-हिरवा. चालेल का?"

१४ कमी पडेल, दादा. देवनागरीत वेलांट्या, उकार, जोडाक्षरं सगळं त्याच उंचीत बसवावं लागतं. 'शुश्रूषा' छापून बघा, खालचे उकार गिचमिड होतात. १८ घ्या, ओळींत दीडपट अंतर सोडा आणि 'शुश्रूषा'ऐवजी सरळ 'घरी येऊन काळजी घेतो' असं लिहा.

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, मग फिकट निळा नि हिरवा वेगळे ओळखणं अवघड जातं. त्यापेक्षा सायीच्या रंगावर काळी अक्षरं ठेवा. कागद मॅटच हवा, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते.

छपाईआधी खऱ्या मापाची एक प्रत काढून घरातल्या आजींना संध्याकाळी वाचायला द्या. फोन नंबर वाचताना त्या अडखळल्या, तर अक्षर अजून वाढवा.