०.५५ विरुद्ध ०.४७ : शार्प रेशो पाहून सगळी एसआयपी हलवावी का?

संकेत, मुलुंड

माझ्याकडे दोन फंड आहेत, एक फ्लेक्सी कॅप आणि दुसरा अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड. गेल्या ३६ महिन्यांच्या एनएव्हीवरून मी मासिक परतावे काढले, त्यांची सरासरी बाराने गुणली आणि चढउतार मोजणारे प्रमाण विचलन बाराच्या वर्गमुळाने गुणले. पहिल्याचा सरासरी परतावा १५ टक्के आणि प्रमाण विचलन १८ टक्के आले, तर दुसऱ्याचे हेच आकडे १२ आणि १० आले. जोखीममुक्त दर ६.५ टक्के धरून तो सरासरीतून वजा केला आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागले की शार्प रेशो अनुक्रमे ०.४७ आणि ०.५५ येतो. दरमहा २० हजारांची सगळी एसआयपी दुसऱ्या फंडात न्यावी असे माझे मत झाले आहे. कोणाला यात चूक दिसत असल्यास जरूर सांगावे.

गिरगावकर

माझा याला स्पष्ट विरोध आहे. निवृत्तीच्या दिवशी आपल्या हातात रक्कम येते, गुणोत्तर येत नाही. दरमहा २० हजार रुपये पंधरा वर्षे गुंतवले आणि महिन्याला १ टक्का वाढ धरली, तर सुमारे १ कोटी १ लाख रुपये होतात. महिन्याला सव्वा टक्का धरली, तर १ कोटी ३५ लाख होतात. हे ३४ लाख रुपये केवळ आलेख कमी हलतो म्हणून सोडून देणे मला पटत नाही. ज्याला पंधरा वर्षे पैसे काढायचेच नाहीत, त्याने मधल्या चढउतारांना भागाकारात आणून स्वतःचे नुकसान का करून घ्यावे?

अपर्णा, विलेपार्ले

मी बीकेसीतील एका संस्थेत जोखीम मोजण्याचेच काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गिरगावकरांच्या गणितात सरासरी परतावा आणि चक्रवाढीचा दर एकच मानले गेले आहेत, आणि चढउतार असलेल्या फंडात ते एक नसतात. एका महिन्यात २० टक्के घट आणि पुढच्या महिन्यात २० टक्के वाढ झाली, तर सरासरी शून्य येते, पण शंभर रुपयांचे ९६ उरलेले असतात. प्रमाण विचलनाच्या वर्गाच्या निम्मी रक्कम सरासरीतून वजा केली की प्रत्यक्ष वाढीचा दर ढोबळमानाने मिळतो. पहिल्या फंडाचे मासिक प्रमाण विचलन सुमारे ५.२ टक्के आहे, त्यामुळे त्याचा मासिक दर १.२५ वरून १.११ टक्क्यांच्या आसपास उतरतो; दुसऱ्याचा १ वरून फक्त ०.९६ वर येतो. या दरांनी पंधरा वर्षांनंतर साधारण १ कोटी १५ लाख आणि ९६ लाख रुपये होतात. फरक उरतो, पण ३४ लाखांचा १९ लाखांवर येतो.

आता संकेत यांच्या मूळ मुद्द्याकडे वळते. शार्प रेशोचा खरा उपयोग असा आहे की, दोन फंडांना एकाच पातळीवर आणून मग त्यांची तुलना करता येते. समजा, तुम्हाला १२ टक्केच सरासरी परतावा पुरेसा आहे. तो पहिल्या फंडातूनही मिळवता येतो: सुमारे ६५ टक्के रक्कम फ्लेक्सी कॅपमध्ये आणि उरलेली ३५ टक्के साडेसहा टक्के देणाऱ्या लिक्विड फंडात किंवा ट्रेझरी बिलांत ठेवायची. या मिश्रणाचे प्रमाण विचलन ११.६ टक्के येते, आणि हायब्रिड फंड तोच परतावा १० टक्क्यांत देतो. ०.५५ हा ०.४७ पेक्षा मोठा असण्याचा एवढाच नेमका अर्थ आहे, आणि तो चुकीचा नाही.

मात्र उलट दिशेने हे जमत नाही. हायब्रिड फंडातून १५ टक्के हवे असतील, तर स्वतःच्या प्रत्येक १०० रुपयांवर आणखी ५५ रुपये साडेसहा टक्क्यांनी कर्ज काढून त्यात घालावे लागतील, आणि त्या दराने घरगुती गुंतवणूकदाराला कोणी कर्ज देत नाही. म्हणून ज्याला १२ टक्के पुरतात, त्याच्यासाठी रेशोने दिलेला क्रम योग्य आहे. ज्याचे उद्दिष्ट १५ टक्क्यांशिवाय गाठलेच जाणार नाही, त्याच्यासाठी तो क्रम निर्णायक नाही.

गिरगावकर

चक्रवाढीचा मुद्दा मान्य आहे. पण १९ लाख रुपये हीसुद्धा मुंबईत राहणाऱ्या माणसासाठी लहान रक्कम नाही, आणि तुमच्या शेवटच्या परिच्छेदातून माझीच बाजू निघते.

निवृत्त शिक्षिका, डोंबिवली

मला एक शंका आहे. ०.५५ म्हणजे शंभरपैकी पंचावन्न वेळा फायदा आणि पंचेचाळीस वेळा तोटा, असे समजावे का? आमच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाला असून भाड्यापोटी मिळालेली एकरकमी रक्कम माझ्या खात्यात पडून आहे. ती अडीच ते तीन वर्षांत हळूहळू खर्च होणार आहे, तर तोपर्यंत ती या दुसऱ्या फंडात ठेवावी असे वाटते.

अपर्णा, विलेपार्ले

नाही बाई, ती शक्यता नव्हे. जोखीममुक्त दरापेक्षा जो जादा परतावा मिळाला, तो चढउताराच्या प्रत्येक एककामागे किती पडला, एवढेच तो आकडा सांगतो. दहा टक्के प्रमाण विचलन असलेल्या फंडात एखाद्या वर्षी आठ टक्के घट होणे अगदी शक्य आहे, आणि आपल्याला तर दरमहा त्यातून भाडे भरायचे आहे. त्या रकमेसाठी बँकेची ठेव किंवा लिक्विड फंडच पाहावा. या दोन फंडांची तुलना तुमच्या प्रश्नाला लागू होत नाही.

नितीन, ठाणे

संकेत, जोखीममुक्त दर किती धरावा याची फार चिंता करू नका. कित्येक फॅक्टशीटमध्ये बँकांच्या आपसातील रातोरातच्या कर्जाचा मायबोर दर धरलेला असतो, कोणी ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर घेतो, कोणी ठेवीचा घेतो. दोन्ही फंडांतून तोच आकडा वजा होतो, त्यामुळे क्रमवारी बदलण्याचे कारण नाही.

अपर्णा, विलेपार्ले

दोन्ही फंडांसाठी एकच दर वापरावा, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या फॅक्टशीटमधील तयार रेशो शेजारी ठेवणारे नेमके तिथेच फसतात. पण क्रमवारी बदलत नाही, हे मात्र खरे नाही. वजा होणारा आकडा सारखा असला तरी त्याला भागणारे आकडे वेगळे आहेत. दर एक टक्क्याने वाढला, तर पहिल्याचा रेशो एक अठरांशाने घटतो आणि दुसऱ्याचा एक दशांशाने, म्हणजे जवळपास दुप्पट वेगाने. संकेत यांच्या आकड्यांत ८.२५ टक्क्यांना दोघे बरोबरीत येतात. ९ टक्के धरले तर पहिल्याचा रेशो ०.३३ आणि दुसऱ्याचा ०.३० होतो. हा केवळ कागदावरचा प्रकार नाही. २०१३ च्या उत्तरार्धात ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर साडेआठ टक्क्यांच्या वर होता आणि २०२०-२१ मध्ये तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. म्हणून आजचा दर मागील तीन वर्षांना सरसकट लावण्याऐवजी प्रत्येक महिन्याच्या परताव्यातून त्याच महिन्याचा दर वजा करावा, आणि मग त्या फरकांची सरासरी व प्रमाण विचलन काढावे. स्वतः शार्प यांनी १९९४ च्या लेखात हे गुणोत्तर अशा फरकांवरच मांडले आहे.

माटुंग्याचे प्राध्यापक

मी संख्याशास्त्र शिकवतो. या सगळ्या चर्चेत ०.५५ आणि ०.४७ हे आकडे जणू पट्टीने मोजले आहेत, असे गृहीत धरले गेले आहे, आणि माझी हरकत त्याला आहे. हे दोन्ही आकडे ३६ निरीक्षणांवरून केलेले अंदाज आहेत. अँड्र्यू लो यांनी २००२ मध्ये शार्प रेशोच्या प्रमाण त्रुटीचे सूत्र दिले. मासिक परतावे एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर तीन वर्षांच्या माहितीवर वार्षिक रेशोची प्रमाण त्रुटी सुमारे ०.५८ येते. म्हणजे ज्या आकड्याला आपण ०.५५ म्हणतो, तो खरे तर शून्याजवळ असू शकतो किंवा एकच्या वरही असू शकतो. दोन्ही फंडांत शेअर बरेचसे सारखे असल्याने त्यांच्या चुकाही एकाच दिशेने होतात, त्यामुळे फरकाची त्रुटी कमी असते; दोघांतील सहसंबंध ०.९ धरला, तर ती ०.२६ च्या आसपास येते. आपल्याला दिसलेला फरक ०.०८ आहे. एवढा फरक योगायोगापासून खात्रीने वेगळा काढायचा असेल, तर याच हिशेबाने सव्वाशे वर्षांच्या आसपासची माहिती लागेल.

मात्र यातून काहीच कळत नाही, असा निष्कर्ष काढू नये. अंश आणि छेद यांची विश्वासार्हता सारखी नसते. ३६ महिन्यांवरून प्रमाण विचलन साधारण १२ टक्के चुकीने कळते, म्हणजे १८ चे खरे मूल्य १६ ते २० च्या आसपास आणि १० चे ९ ते ११ च्या आसपास असावे. पण पहिल्या फंडाच्या १५ टक्के सरासरीची प्रमाण त्रुटी दहा टक्क्यांहून जास्त आहे आणि दुसऱ्याच्या १२ टक्क्यांची जवळपास सहा टक्के आहे. दुसरा फंड कमी हलतो हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. कोण किती देईल, हे मात्र या तीन वर्षांवरून ठाऊक नाही.

अपर्णा, विलेपार्ले

सर, त्रुटीचे गणित मला मान्य आहे, पण त्यावरून रेशो टाकून द्यावा का, याबाबत माझे मत वेगळे आहे. हायब्रिड फंड साधारण दोन तृतीयांश ते चार पंचमांश रक्कम शेअरमध्ये आणि उरलेली रोख्यांत ठेवतो, म्हणून त्याचे विचलन कमी असणे हे त्याच्या रचनेतूनच येते. सरासरीचा अंदाज तीन वर्षांवरून न करता शेअर आणि रोखे यांच्या दीर्घ इतिहासावरून केला, तर हेच गुणोत्तर पुन्हा उपयोगी ठरते.

गिरगावकर

प्राध्यापकांचे म्हणणे मान्य केले, तर एसआयपी हलवण्याचे कारण संपते आणि न हलवण्याचेही संपते. मी मात्र जिथे शेअरचा वाटा जास्त, तिथेच पंधरा वर्षे थांबेन.

संकेत, मुलुंड

सगळ्यांचे आभार. तूर्त एसआयपी दोन्ही फंडांत आहे तशीच ठेवतो. अपर्णाताईंनी सांगितल्याप्रमाणे दरमहाचा ट्रेझरी बिलाचा दर वजा करून नव्याने गणित मांडतो. एक प्रश्न सरांना: माझ्या ३६ महिन्यांत मार्च २०२० येत नाही, आणि त्या एका महिन्यात निफ्टी २३ टक्के घसरला होता. तो महिना येईल एवढे मागे गेलो तर दोन्ही विचलने वाढतील, पण असा अपवादात्मक महिना एकट्याने सगळा हिशेब फिरवणार नाही का?

माटुंग्याचे प्राध्यापक

फिरवेल, आणि तरीही तो वगळू नये. दहा वर्षांचे मासिक आकडे घ्या, त्या महिन्यासह आणि त्याच्याशिवाय असे दोनदा प्रमाण विचलन काढा आणि दोन्ही फंडांचे विचलन किती पटीने वाढले ते इथे लिहा. हायब्रिडचे विचलन फ्लेक्सी कॅपच्या जवळ सरकलेले दिसले, तर त्याच्या रोख्यांच्या भागात काय होते, हे आधी पाहावे लागेल.