मदत हवी आहे: संकेतस्थळावरचं स्थळ, मुलगा पुण्यात खासगी नोकरीत, मी जि. प. शिक्षिका

धागाकर्ती (दारव्हा तालुका): सोयऱ्यांकडून येणारी स्थळं नोकरीवर अडतात, म्हणून विवाहाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं. तिथलं एक स्थळ घरच्यांना पसंत आहे. पॅकेज 14 लाख, वाशीम जिल्ह्यात 12 एकर शेती. ते म्हणतात, लग्न झालं की पुण्याला बदली करून घ्या. बदली मिळते का? आणि मोठे बाबा बोलणी करताहेत; कोणाला वाईट न वाटता पगार-शेती कशी तपासायची?

विदर्भकर: पती-पत्नी एकत्रीकरण असते ना. लग्नाचा दाखला जोडा, अर्ज टाका, होऊन जाते.

जुने मास्तर: अर्धंच बरोबर. एकत्रीकरणाचा लाभ जोडीदार सरकारी किंवा त्यासारख्या सेवेत असेल तरच. कंपनीवाल्या नवऱ्यासाठी सर्वसाधारण अर्जच करावा लागतो. मग पुण्यात तुमच्या प्रवर्गाची जागा रिकामी हवी, आणि आपल्या जिल्ह्यात पदं कमी भरली असली की इथून कार्यमुक्त करत नाहीत. वर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता यादीत तळाला जाता. म्हणून काही वर्षं दोन बिऱ्हाडं करायची, की तो इकडे येणार, हे साक्षगंधाच्या आधीच बोलून घ्या. "पाहू नंतर" म्हणजे राजीनामा तुमचाच, असं समजा.

शेतीसाठी गाव आणि गट नंबर मागा, bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा फुकट दिसतो. 12 एकर म्हणजे 4.86 हेक्टर. समजा उताऱ्यावर तेवढंच क्षेत्र आहे, पण वडील आणि दोन काका सामाईक आहेत. तिघांचे हिस्से सारखे असले तर वडिलांच्या वाट्याला 4 एकर, त्यात मुलाला भाऊ असला तर अजून कमी. खोटं कोणीच बोललं नाही, फक्त घराण्याची शेती सांगितली. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजाही वाचा.

पगारात पॅकेज धरूच नका. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कामगिरीवरचा बोनस असं सगळं मोजलेलं असतं. खात्यात पडणारी रक्कम पाहा: सलग तीन महिन्यांच्या पगारपत्रकांशी बँक उताऱ्यातल्या पगाराच्या नोंदी जुळल्या पाहिजेत. आधी तुमची पगारपत्रकं द्या, मग मागणं खटकत नाही.

गावाकडची: साइट कोणती आहे ताई? पैसे भरू नका बाप्पा. आमच्या पोरीचं समाजाच्या परिचय मेळाव्यातच जुळलं, एक रुपया लागला नाही.

धागाकर्ती: काकू, साइट निवडायची नाही, स्थळ आलेलं आहे. मास्तर, मोठे बाबा म्हणतात कागद मागितले तर सोयरीक मोडते.

जुने मास्तर: मग तुम्हीच थेट मुलाशी बोला, वडीलधारी मध्ये नकोत. तो स्वतःहून देतो की "बाबांना विचारतो" म्हणतो, तेही कळेल.

विदर्भकर: तेवढ्यानं काय कळते? बाबांना विचारणारा पोट्टा वाईटच असतो का?

धागाकर्ती: माझी पगारपत्रकं पाठवली. त्यानं गट नंबर दिला, बँकेचा उतारा अजून नाही. घरून काम करता येईल का विचारलं, तर आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावंच लागतं म्हणे. रविवारी बैठक आहे.